दूरून घर बघा, पण दार उघडं टाकू नका

घरातले दिवे, पाण्याची मोटर, कॅमेरे असं सगळं एकाच पडद्यावर दाखवणारं ‘होम असिस्टंट’ अनेक जण रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालवतात. घरच्या वायफायवर ते `192.168.1.20:8123` अशा पत्त्यावर उघडतं. गावाला गेल्यावरही दिसावं म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग केलं जातं, म्हणजे बाहेरून 8123 वर येणारी प्रत्येक हाक थेट त्या संगणकाकडे जाते. इंटरनेटवर उघडी पोर्टं हुडकणारे प्रोग्रॅम अखंड फिरत असतात. तुमचं लॉगिनचं पान त्यांनाही दिसतं.

पासवर्ड भक्कम आहे, मग काय बिघडलं? मार्च 2023 मध्ये होम असिस्टंटच्या ‘सुपरवायझर’ या भागातली एक त्रुटी जाहीर झाली. तिच्यामुळे लॉगिन न करताच आत शिरता येत होतं. तिची तीव्रता 10 पैकी 10 ठरली. दुरुस्ती आली खरी, पण अपडेट करेपर्यंत पासवर्ड कितीही लांब असला तरी त्याचा उपयोग नव्हता.

म्हणून व्हीपीएन. वायरगार्ड घरातल्या संगणकावर किंवा राउटरवर बसवायचं. घर आणि फोन दोघांच्या स्वतंत्र किल्ल्या तयार होतात आणि सार्वजनिक किल्ली तेवढी एकमेकांना द्यायची. पोर्ट यालाही एक लागतं, बहुधा यूडीपी 51820. फरक असा, की ओळखीची किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे हुडकणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. फोनवर ही ओळ ठेवली की फक्त घरची रहदारी व्हीपीएनमधून जाते:

```
AllowedIPs = 192.168.1.0/24
```

जोडणी होत नसेल तर घरच्या संगणकावर `wg show` चालवा. `latest handshake` दिसत नसेल तर किल्ली चुकली असेल किंवा हाक घरापर्यंत पोचत नसेल. आपल्याकडे दुसरं कारण बरेचदा इंटरनेट कंपनीच असते: एकच सार्वजनिक पत्ता ती अनेक घरांत वाटते. राउटरचा WAN पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तेच समजा. मग टेलस्केल वापरा. ते घरातूनच बाहेर जोडणी करतं, पोर्ट उघडावं लागत नाही. मात्र त्याची किल्ली म्हणजे तुमचं गूगल किंवा तत्सम खातं, म्हणून त्यावर द्विस्तरीय पडताळणी हवीच.

हँडशेक दिसतो, तरी डॅशबोर्ड उघडत नाही? लॉजच्या वायफायचे पत्तेही 192.168.1 नेच सुरू होत असतील. घरचं नेटवर्क 192.168.57 वर न्या आणि वरची ओळही तशी बदला.

व्हीपीएन आलं म्हणून डॅशबोर्डचा पासवर्ड ढिला नको. पाहुण्याचा फोन किंवा स्वस्तातला कॅमेराही घरच्या नेटवर्कवर असतोच. इतरत्र न वापरलेला लांब पासवर्ड ठेवा, सोबत ॲपमधला सहा अंकी कोड सुरू करा. फोन हरवला तर त्याची किल्ली घरच्या वायरगार्डमधून त्याच दिवशी काढा.

शेवटी राउटरमधला 8123 चा जुना नियम पुसा आणि यूपीएनपी बंद करा. मग वायफाय आणि व्हीपीएन दोन्ही बंद ठेवून, मोबाइल डेटावरून घराचा सार्वजनिक पत्ता 8123 सह उघडून पाहा. लॉगिनचं पान दिसलं, तर काम अजून संपलेलं नाही.