वायद्यावरचा ऑप्शन: सूत्रात हजर भाव घालायचा की वायद्याचा?

मागच्या व्याख्यानात आपण ब्लॅक-शोल्सचं सूत्र पाहिलं. त्यात शेअरचा आजचा बाजारभाव घालायचा, एवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. आज त्याच सूत्राला आपण सोन्याकडे नेणार आहोत.

लक्ष्मी रस्त्यावरचा एक सराफ डोळ्यांसमोर आणू. त्याच्याकडे एक किलो सोनं आहे आणि तीन महिन्यांत भाव पडेल अशी धास्ती आहे. त्याला पुट ऑप्शन घ्यायचा आहे, म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क. मुंबईच्या एमसीएक्सवर १७ ऑक्टोबर २०१७ रोजी सोन्याचे ऑप्शन सुरू झाले. पण हा ऑप्शन थेट सोन्यावर नव्हता, तो होता एक किलो सोन्याच्या वायद्यावर. मुदत संपताना ऑप्शन फायद्यात असेल, तर हातात वायद्याचा सौदा येतो. तेव्हा प्रश्न असा, की सूत्रात भाव कुठला घालायचा?

सराफकट्ट्यावरचा हजर भाव दुकानागणिक थोडा वेगळा असतो, वायद्याचा भाव मात्र पडद्यावर सगळ्यांना एकच दिसतो. म्हणून मनात येतं, की जुन्या सूत्रात हजर भावाच्या जागी वायद्याचा भाव टाकून मोकळं व्हावं. इथेच चूक होते.

का, ते पाहू. शेअर विकत घेतला की पैसे अडकतात, आणि अडकलेल्या पैशावर व्याज सुटायला हवं. जुन्या सूत्रात ही व्याजाची वाढ धरलेली असते. वायद्यात मार्जिन ठेवावं लागतं, पण सोन्याची किंमत आज मोजावी लागत नाही. शिवाय तीन महिन्यांचं व्याज वायद्याच्या भावात आधीच मिसळलेलं असतं. पुन्हा जुनं सूत्र लावलं, तर तेच व्याज आपण दोनदा मोजतो. फिशर ब्लॅक यांनी १९७६ साली ही दुरुस्ती मांडली, म्हणून या सूत्राला ब्लॅक-७६ म्हणतात. पुटसाठी ते असं:

```
P  = e^(-rT) [ K N(-d2) - F N(-d1) ]
d1 = [ ln(F/K) + σ²T/2 ] / (σ√T)
d2 = d1 - σ√T
```

F म्हणजे वायद्याचा भाव, K म्हणजे ठरलेला भाव, T म्हणजे ऑप्शनची मुदत वर्षांत, r व्याजदर आणि σ म्हणजे भावाची वार्षिक चंचलता. N हे सामान्य वितरणाचं कोष्टक. बदल कुठे झालाय बघा: d1 मधून r गेला. तो उरला फक्त बाहेर, कारण ऑप्शनची रक्कम मुदतीअखेर मिळणार आणि तिची आजची किंमत काढायची आहे.

आता सोपे आकडे घेऊ. वायद्याचा भाव आणि ठरलेला भाव दोन्ही १० ग्रॅमला ६०,००० रुपये, मुदत तीन महिने, चंचलता १५ टक्के, व्याज ६ टक्के. σ√T येतो ०.०७५, म्हणून d1 = ०.०३७५ आणि d2 = –०.०३७५. कंसातला आकडा सुमारे १,७९५, आणि त्याला ०.९८५ ने गुणलं की पुटची किंमत १,७६८ रुपये. किलोला साधारण १,७६,८०० रुपये.

हाच ६०,००० चा भाव जुन्या सूत्रात टाकला तर पुट येतो १,३७० रुपयांना. आपल्या सराफानं हा आकडा काढला असेल, तर बाजारातला १,७६८ त्याला महाग वाटेल आणि तो विमा न घेताच बसेल. उलट कुणी १,३७० ला पुट विकला, तर किलोमागे जवळजवळ ४०,००० रुपये पहिल्याच दिवशी सोडून दिले.

चूक झालीय हे ओळखायचं कसं? ठरलेला भाव वायद्याच्या भावाइतकाच असेल, तर कॉल आणि पुट दोन्हींची किंमत सारखीच यायला हवी. जुन्या सूत्रात कॉल २,२६३ येतो आणि पुट १,३७०. एवढी तफावत दिसली की समजायचं, व्याज दोनदा धरलं गेलंय. ही पडताळणी कागदावर दोन मिनिटांत होते.

पण या सूत्रालाही एक सीमा आहे. त्यात ln(F/K) आहे, आणि ऋण आकड्याचा लॉगरिदम निघत नाही. सोन्याला ही अडचण येणार नाही, असं आपण धरून चालतो. कच्च्या तेलाला मात्र ती आली. २० एप्रिल २०२० रोजी संपलेल्या एमसीएक्सच्या वायद्याचा अंतिम भाव पिंपाला उणे २,८८४ रुपये ठरला. त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या सीएमईनं तेलाच्या ऑप्शनसाठी ब्लॅकऐवजी बाशेलिएचं सूत्र लावलं. त्यात भावाचा चढउतार टक्क्यांत मोजत नाहीत, थेट पैशांत मोजतात, त्यामुळे भाव शून्याखाली गेला तरी गणित अडत नाही.

पुढच्या वेळी आपण σ कडे वळू. आज १५ टक्के नुसते धरून चाललो, तो आकडा बाजारातून काढायचा कसा ते पाहू.