फोटो पाठवला, पण उत्तर का येईना?



गेल्या महिन्यात आपल्या एका गटाचा कर्जाचा प्रस्ताव आठवडाभर लांबला. चूक कुणाचीच मोठी नव्हती. मी फाईल घेऊन बँकेत बसले होते आणि कागद दुपारी १२ पर्यंत द्यायचे होते. सचिव ताईंनी ११ वाजून ५ मिनिटांनी व्हॉट्सॲपवर विचारलं, "ठरावाची किती पानं लागतील?" मी लगेच लिहिलं, "तीन." एका मिनिटात विचारणं झालं, उत्तरही झालं. मग ११.१० ला त्यांनी तिन्ही पानांचे फोटो पाठवले आणि माझं उत्तर काही येईना. ताईंना वाटलं, मॅडम बघतच नाहीत. इकडे मला वाटत होतं, ताई पाठवतच नाहीत.

हे तुमच्याही बाबतीत होत असेल. म्हणून असं का होतं ते नीट समजून घेऊ.

आधी वजन बघा. मोबाईलवरून जे जातं त्यालाही वजन असतं, फक्त ते किलोत नाही तर बाइटमध्ये मोजतात. मराठीतल्या एका अक्षरखुणेला ३ बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी यांची खूणही वेगळी मोजली जाते. म्हणजे शंभर खुणांचा मेसेज साधारण ३०० बाइटचा झाला. हल्लीच्या मोबाईलने काढलेला एक फोटो मात्र सहज ४ एमबीचा, म्हणजे ४० लाख बाइटचा असतो. मेसेज एक ग्रॅम मीठ धरलं, तर तो एक फोटो म्हणजे तेरा किलोंचं पोतं! फोटोत नुसतं अक्षर जात नाही. कागदाचा प्रत्येक ठिपका, टेबलाचा रंग, कोपऱ्यात आलेलं बोट, सगळं त्यात जातं.

आता वाट बघा. नेटची वाट दोन्ही बाजूंना सारखी रुंद नसते. टॉवरकडून आपल्याकडे येणारी वाट मोठी आणि आपल्याकडून टॉवरकडे जाणारी लहान. कारण बहुतेक लोक नेटवर बघतात जास्त आणि पाठवतात कमी, म्हणून कंपन्याही येणाऱ्या बाजूला जास्त जागा ठेवतात. दुसरं कारण ताकदीचं. टॉवर कित्येक वॅटच्या ताकदीने बोलतो आणि आपला मोबाईल फार तर पाव वॅटच्या आतबाहेर. टॉवरने लाऊडस्पीकरवर हाक मारायची आणि आपण शेताच्या बांधावरून साध्या आवाजात ओ द्यायची, तसं हे आहे. म्हणून तर व्हिडिओ नीट दिसतो, वरच्या दांड्याही भरलेल्या असतात, तरी फोटो जाता जात नाही. दांड्या टॉवरचा आवाज आपल्याला किती येतो ते सांगतात. आपला आवाज त्याला किती जातो, ते त्यावरून कळत नाही.

आता त्या दिवसाचा हिशोब मांडू. ताई पत्र्याच्या खोलीत बसल्या होत्या. पत्रा मोबाईलच्या लहरी अडवतो. धरून चाला की तिथून १ एमबी जायला ८० सेकंद लागत होते. या वेगाने साधा मेसेज डोळ्याची पापणी लवायच्या आत जातो. पण ४ एमबीचा एक फोटो ५ मिनिटं २० सेकंद घेतो आणि तीन फोटो १६ मिनिटं घेतात. म्हणजे ११.१० ला निघालेले फोटो ११.२६ ला पोचायला हवे होते.

पण ११.२० ला ताईंना राहवलं नाही. त्यांनी तेच तीन फोटो पुन्हा पाठवले. तोवर साडेसात एमबी गेले होते आणि साडेचार उरले होते. त्यात आणखी बारा पडले. वाट तीच, ओझं साडेसोळा एमबीचं. सगळे फोटो पोचेपर्यंत ११.४२ झाले.

आणि पोचले म्हणजे लगेच उत्तर मिळतं असंही नाही. मेसेज मी दोन सेकंदांत वाचते. फोटो आधी माझ्या मोबाईलवर उतरायला हवा, मग मोठा करून सह्या, तारीख, रक्कम एकेक बघायला हवी. ते बघताना तिसऱ्या पानावर कोषाध्यक्ष ताईंची सही राहिलेली दिसली. तोवर ११.५० झाले होते. सही घेऊन पान पुन्हा पाठवायला वेळच उरला नाही. तेच फोटो पंधरावीस मिनिटं आधी आले असते, तर त्याच दिवशी काम झालं असतं.

उत्तर नक्की कुठे अडलंय हे तुम्हाला स्क्रीनवर ओळखता येतं. फोटोवर गोल फिरतोय आणि खाली घड्याळ दिसतंय, तर फोटो अजून तुमच्याच मोबाईलमध्ये आहे. समोरच्या माणसाला त्याचा पत्ताही नाही. त्या गोलावर बोट लावू नका, कारण मधली फुली दाबली गेली की पाठवणंच थांबतं. एक टिक आली म्हणजे फोटो तुमच्याकडून गेला, पण समोरचा मोबाईल बंद आहे किंवा त्याला नेट नाही. दोन टिक आल्या म्हणजे मेसेज पोचला. तरीही समोरच्याने फोटो उतरवून घेतला असेलच असं नाही. म्हणून घड्याळ असेल तर स्वतःची जागा बदला आणि दोन टिक असतील तर फोन करून विचारा. पुन्हा फोटो पाठवण्याने यातलं काहीच सुटत नाही.

मग करायचं काय? फोटोच्या आधी एक ओळ लिहून पाठवा: "ठरावाची ३ पानं पाठवतेय, कर्ज रक्कम अमुक, १२ च्या आत बघा." ही ओळ पुढे निघून जाते आणि समोरचा माणूस वाट बघत तयार राहतो. मग पत्र्याखालून उघड्यावर या आणि फोटो एकेक करून पाठवा.

अजून एक. त्या दिवशी ताईंनी फोटो "Document" मधून पाठवले होते. तसं पाठवलं की फोटो पूर्ण वजनाने जातो. नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप स्वतःच त्याला हलका करतं. एक फोटो ३०० केबीचा झाला असता, तर तिन्ही मिळून एक एमबीच्या आत आले असते आणि त्याच खोलीतून सव्वा मिनिटात गेले असते. पण हलका केलेल्या फोटोत बारीक अक्षर पुसट होतं. म्हणून एका फोटोत एकच पान घ्या, जवळून आणि उजेडात. पाठवण्याआधी तो मोठा करून सह्या वाचता येतात का ते स्वतः बघा. बँकेने अगदी स्पष्ट प्रत मागितली असेल, तरच "Document" वापरा आणि त्यासाठी चांगली रेंज असलेल्या जागी जा.

त्या सचिव ताई आता बैठक संपली की आधी सह्या मोजतात आणि मग अंगणात येऊन फोटो पाठवतात. परवा त्यांची दोन पानं आली तेव्हा वरच्या ओळीत लिहिलं होतं, "सह्या सगळ्या आहेत, बघून घ्या." फोटो उतरायच्या आधीच मी फाईल उघडून ठेवली होती.