अर्धी माती, अर्धे गवत

२ मे २००७ रोजी स्पेनमधल्या माजोर्का बेटावर राफेल नदाल आणि रॉजर फेडरर एका अजब कोर्टवर उतरले. जाळीच्या एका बाजूला लाल माती, दुसऱ्या बाजूला हिरवे गवत. नदाल मातीवर सलग ७२ सामने जिंकलेला, फेडरर गवतावर सलग ४८. बाजू बदलताना दोघांना बूटही बदलावे लागत, कारण मातीला नागमोडी खाचांचा तळवा लागतो, तर गवताला बारीक फोडांचा.

क्ले कोर्टला माती म्हणायची सवय असली, तरी पॅरिसच्या रोलाँ गॅरोसवर पायाखाली असतो तो विटांचा चुरा. जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा हा थर चुनखडीच्या दाबून बसवलेल्या भुकटीवर पसरतात. चेंडू टेकला की सुटी भुकटी त्याला धरते. पुढे जाण्याचा वेग कमी होतो आणि चेंडू उंच उसळतो. टॉपस्पिनचा फटका असेल तर उसळी आणखी वाढते. डावखुऱ्या नदालचा असा फटका फेडररच्या एकहाती बॅकहँडला थेट खांद्याच्या उंचीवर भेटायचा, आणि तिथून जोर लावणे अवघड जायचे. शिवाय वेग मंदावल्याने घसरत जाऊन चेंडू गाठायला वेळ मिळतो. म्हणून मातीवर रॅली लांबतात.

गवतावर नेमके उलटे घडते. विम्बल्डनचे राय गवत ८ मिलिमीटरवर कापलेले असते. त्याच्या गुळगुळीत पात्यांवर घर्षण कमी, त्यामुळे चेंडू फारसा अडत नाही. तो सरपटत, गुडघ्याच्या आसपासच येतो. फेडररची स्लाइस इथे आणखी खाली राहते आणि समोरच्याला वाकायला लावते. सर्व्हिस करणाऱ्याची चंगळ होते. स्पर्धा पुढे सरकते तशी बेसलाइनजवळची पाती झिजतात, खालची कडक जमीन उघडी पडते आणि उसळी वाढू लागते.

हार्ड कोर्ट या दोघांच्या मधले. काँक्रीट किंवा डांबराच्या पायावर वाळू मिसळलेल्या ॲक्रिलिक रंगाचे थर देतात. वाळू जास्त किंवा भरड असेल तर पृष्ठभाग खरखरीत होतो आणि चेंडू मंदावतो. बारीक असेल तर तो वेगाने निघतो. म्हणजे वेग आधीच ठरवता येतो. टप्पा सगळीकडे सारखा पडतो, म्हणून बेसलाइनवरून जोरकस मारणाऱ्यांना हे कोर्ट मानवते. गुडघे आणि घोट्यांना मात्र दणके बसतात.

अमेरिकन ओपनने हे तिन्ही पृष्ठभाग पाहिले: १९७४ पर्यंत गवत, मग तीन वर्षे क्ले आणि १९७८ पासून हार्ड. जिमी कॉनर्सने १९७४, १९७६ आणि १९७८ मध्ये ती स्पर्धा जिंकली, तिन्ही वेळा वेगळ्या पृष्ठभागावर.

माजोर्कात मात्र निकाल अगदी थोडक्यात लागला. नदाल ७-५, ४-६, ७-६ असा जिंकला, आणि शेवटचा टायब्रेक १२-१० पर्यंत ताणला गेला.