जूनमधला चौकटींचा हिशेब

आठवी ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या असलेली एखादी शाळा घ्या. सोमवार ते शुक्रवार आठ तासिका आणि शनिवारी पाच, म्हणजे एका वर्गाच्या आठवड्याला 45 चौकटी. सहा वर्गांच्या झाल्या 270. शिक्षक नऊ, प्रत्येकाचा कार्यभार 30 तासिका. हिशेब जुळतो, तरी जूनमध्ये वेळापत्रक करणारे सर आठवडाभर त्रासलेले असतात, कारण तासिका नुसत्या पुरून भागत नाही, त्या एकमेकींना अडायलाही नकोत.

कागदावर उभे सहा वर्ग आणि आडव्या त्या दिवसाच्या तासिका मांडल्या, की नियम एकच उरतो: एका उभ्या रांगेत एका शिक्षकाचं नाव दोनदा येता कामा नये. त्यामुळे भरायला सुरुवात कुठून करायची, हेच महत्त्वाचं. नवखा माणूस दहावीचं गणित पहिल्या तासाला टाकून सुरू करतो. जाणता मात्र आधी हिंदी-संस्कृत लावतो. या तासाला अ आणि ब दोन्ही तुकड्यांतली हिंदीची मुलं एका खोलीत आणि संस्कृतची दुसऱ्या खोलीत बसतात, म्हणजे दोन वर्ग आणि दोन शिक्षक एकदमच अडकतात. तिन्ही इयत्तांचे आठवड्याला पाच-पाच असे पंधरा तास वेगवेगळ्या वेळी बसायला हवेत. त्यानंतर प्रयोगाच्या जोडतासिका. त्या मधल्या सुट्टीने तुटून चालत नाहीत. मराठी-इतिहासासारखे सुटे तास सर्वांत शेवटी.

तरीही शेवटी काहीतरी अडतंच. समजा, आठवी ब ची शनिवारची पाचवी तासिका रिकामी आहे आणि गणिताचा एक तास उरलाय, पण गणिताच्या बाई तेव्हा दहावी अ वर आहेत. मग दहावी अ च्या ओळीत शोधायचं. बुधवारी तिसऱ्या तासाला तिथे इंग्रजी आहे, त्या वेळी बाई मोकळ्या आहेत आणि इंग्रजीचे सर शनिवारी पाचव्याला मोकळे. दहावी अ मध्ये या दोन तासांची अदलाबदल केली, की बाई आठवी ब साठी सुटतात. फक्त दहावी अ ला बुधवारी गणित दोनदा तर होत नाही ना, तेवढं बघायचं. कधीकधी एका अदलाबदलीत भागत नाही, साखळी चार-पाच वर्गांतून फिरते. संगणकसुद्धा मुख्यतः अशाच खटपटी करतो, फक्त भराभर.

ऑफ तासांची गंमत वेगळीच. प्रत्येक शिक्षकाला आठवड्यात 15 ऑफ मिळतात, पण कुठल्याही तासिकेला मोकळे शिक्षक तीनच, कारण उरलेले सहा वर्गावर असतात. ही संख्या वेळापत्रक कसंही फिरवलं तरी बदलत नाही. बदलतं ते एवढंच की ते तिघे कोण. म्हणून वर्गांचा तक्ता झाला की त्यावरून शिक्षकवार तक्ता उतरवायचा. कोणाचे सलग सहा तास आलेत, कोणाचे बरेच ऑफ एकाच दिवशी साचलेत, ते तिथेच दिसतं. आणि ज्या दिवशी दोघे रजेवर असतील, त्या दिवशी बदली तासांची वही नेमकी कोणाकडे पाठवायची, तेही.