अकरा मार्कांचा हिशोब

बारावीच्या निकालानंतर महिन्याभराने एक मुलगी आणि तिची मावशी माझ्याकडे आल्या. मुलगी सायन्सची. बाकी सगळे विषय निघाले होते, एकटे मॅथ्स राहिले होते. लेखीला ८० पैकी ११ आणि प्रात्यक्षिकाला २० पैकी १२, म्हणजे एकूण २३. पास व्हायला ३५ लागतात, तेव्हा १२ कमी. मावशींचे म्हणणे असे की पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा करून घ्यावे. वर्षभरात जे झाले नाही ते चार आठवड्यांत कसे होणार, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही, कारण मुलीच्या हातात उत्तरपत्रिकेची छायाप्रत होती आणि मला आधी ती बघायची होती.

राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा निकालानंतर फार लवकर येते. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला आणि पुरवणी २४ जूनला सुरू झाली, म्हणजे मधे पन्नास दिवस. त्यात पुरवणीचा फॉर्म भरायचा, छायाप्रतीसाठी अर्ज करायचा, ती येण्याची वाट बघायची. विषयाला चारशे रुपये भरून मिळणारी ही प्रत बहुतेक पालक एकाच कारणासाठी मागवतात: मार्क वाढतात का ते बघायला. तेही बघावेच. एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का, आतले मार्क पहिल्या पानावर नीट उतरले आहेत का, बेरीज बरोबर आहे का, हे पहिल्याच दिवशी बघून घ्यावे, कारण पुनर्मूल्यांकनाचा अर्ज प्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत करावा लागतो. या मुलीच्या बाबतीत तसे काही निघाले नाही. तिने प्रत पिशवीत परत ठेवायला घेतली तेव्हा मी म्हटले, "थांब, आता कुठे काम सुरू होतंय."

आम्ही शेजारी शेजारी प्रश्नपत्रिका आणि छायाप्रत ठेवली. प्रश्नपत्रिका नसेल तर हे काम करता येत नाही, कारण न लिहिलेला प्रश्न उत्तरपत्रिकेत दिसत नाही. बारावी सायन्सच्या मॅथ्सच्या पेपरात चार विभाग असतात. पहिल्यात दोन मार्कांचे आठ पर्यायी प्रश्न आणि एकेका मार्काचे चार. दुसऱ्यात बारापैकी आठ, प्रत्येकी दोन मार्क. तिसऱ्यात बारापैकी आठ, प्रत्येकी तीन. चौथ्यात आठपैकी पाच, प्रत्येकी चार. गेलेले मार्क मोजताना बाराही प्रश्न धरायचे नाहीत, आठच धरायचे, नाहीतर आकडा उगाच फुगतो आणि पोरं घाबरतात.

तिचे ६९ मार्क गेले होते. त्यातले ४३ मार्क प्रश्नाला हातच न लावल्यामुळे गेले होते आणि २६ मार्क लिहूनही गेले होते. मला आधी या २६ मध्ये रस होता. जिथे तिने पेन टेकवला होता तिथे तिला काहीतरी येत होते.

पर्यायी प्रश्नांपैकी सात तिने सोडवले होते. दोन पूर्ण बरोबर, दोन चूक. उरलेल्या तिघांपुढे तिने फक्त (b), (a), (c) अशी अक्षरे लिहिली होती आणि तिन्हींना शून्य होते. मी ते प्रश्न सोडवून पाहिले. तिन्ही अक्षरे बरोबर होती. प्रश्नपत्रिकेच्या पहिल्याच पानावर सूचना छापलेली असते की पर्यायाचे अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायला हवे, नुसते अक्षर किंवा नुसते उत्तर लिहिले तर मार्क नाहीत, आणि पहिला प्रयत्नच धरला जाईल. वर्गात आम्ही हे वर्षभर सांगतो, पण सांगितलेले आणि हातात बसलेले यात फरक असतो. सहा मार्क तिथे गेले. कमी पडलेल्या बारांपैकी निम्मे. मावशी म्हणाल्या, "म्हणजे येत होतं हिला!" मुलगी काही बोलली नाही.

आता उरले २०. हे दोन ढिगांत टाकायचे: निसटलेले आणि न येणारे. मुलांवर सोडले तर सगळी उत्तरे पहिल्या ढिगात जातात. "सर, सिली मिस्टेक झाली," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता मी त्यावर विश्वास ठेवत नाही. माझी पद्धत साधी आहे. चुकलेला प्रश्न कोऱ्या कागदावर उतरवून द्यायचा, छायाप्रत कपाटात ठेवायची आणि तीन दिवसांनी तोच प्रश्न करायला लावायचा. बरोबर आला तर निसटला होता. तीच चूक पुन्हा झाली तर त्याला चूक म्हणू नये, तो तिचा समज आहे.

मॅट्रिक्सचा व्यस्त काढायचा एक प्रश्न होता. वरच्या ओळीत २, ३ आणि खालच्या ओळीत १, ४ असे काहीसे आकडे धरा. अ‍ॅडजॉइंटमध्ये वरच्या ओळीत ४, −३ यायला हवे, तिने ४, ३ लिहिले होते आणि मार्क गेला. तीन दिवसांनी तिने तो बरोबर केला. हा खरोखर निसटलेला. अशा प्रश्नावर आणखी वीस गणिते करून फायदा नाही, तिथे ताळा शिकवायचा. मूळ मॅट्रिक्सची पहिली ओळ अ‍ॅडजॉइंटच्या दुसऱ्या स्तंभाशी गुणायची. बरोबर असेल तर शून्य येते: २ गुणिले −३ अधिक ३ गुणिले २. तिच्या उत्तरात बारा आले असते. अर्ध्या मिनिटाचे काम.

दुसरा प्रश्न रेषांच्या जोडीचा होता, दोन रेषांमधला कोन काढायचा. हाही तिने निसटलेल्यांत घातला होता. तीन दिवसांनी तिने पुन्हा तेच केले. x² − 4xy + y² = 0 असे समीकरण घेतले तर सूत्रातला h म्हणजे xy च्या सहगुणकाचा निम्मा, −2. ती सरळ −4 घेत होती. h बरोबर घेतला तर tan θ = √3 येते, म्हणजे साठ अंश. तिच्या पद्धतीने √15 येते, आणि √15 चा कोन कुठल्या कोष्टकात पाठ नसतो. अशा प्रश्नात उत्तर ओळखीच्या कोनावर येत नसेल तर आधी h कडे बघायचे. तिला सूत्र पाठ होते, सूत्रात काय भरायचे ते माहीत नव्हते. त्या दोन मार्कांमुळे आमचा हिशोब बदलला: निसटलेले सातावरून पाचावर आले, न येणारे तेरावरून पंधरावर गेले. पाहणी सुरू असताना आकडे असे हललेच पाहिजेत. पहिल्या दिवशीचा तक्ता शेवटपर्यंत तसाच राहिला तर समजावे की पोराने पुन्हा सोडवून पाहिलेच नाही.

राहिलेले ४३ कोरे मार्क. कोरे राहण्याची दोन कारणे असतात, वेळ पुरला नाही किंवा आले नाही, आणि कोणते ते उत्तरपत्रिकेवरून बऱ्यापैकी कळते. शेवटचे उत्तर अर्ध्या ओळीत तुटले असेल, अक्षर पळत असेल, तर वेळ. तिचे शेवटचे पान शांत होते, खाली रफ कामात फुलांची वेलबुट्टीसुद्धा होती. "शेवटचा अर्धा तास बसूनच होते," ती म्हणाली. पण उत्तरांचा क्रम पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसली. चौथ्या विभागातले इंटिग्रेशनचे गणित पाचव्या पानावर होते, तिसऱ्या विभागाच्या आधी. दीड पान लिहून, खोडून, परत लिहून शून्य. चार मार्कांच्या मोहात अर्धा पेपर व्हायच्या आत तिचा धीर गेला होता. नंतरची सगळी पाने त्या गणिताच्या सावलीत होती.

पर्यायांसह तिने न लावलेले दोन, तीन आणि चार मार्कांचे प्रश्न एकूण चोवीस निघाले. प्रत्येकासाठी तिने पाठ्यपुस्तकातले तशाच प्रकारचे सोडवलेले उदाहरण वाचायचे, पुस्तक मिटायचे आणि तो प्रश्न करायचा. पंधरा मिनिटांत झाला तर ठेवायचा, नाही झाला तर पुरवणीपुरता सोडून द्यायचा. तीन दिवसांत चोवीसपैकी नऊ उरले आणि ते सगळे लॉजिक, मॅट्रिसेस, एलपीपी आणि शेवटची दोन प्रॉबेबिलिटीची प्रकरणे यांतलेच होते. मावशींना वाटले होते सगळे पुस्तक. पुढचे दिवस त्या प्रकरणांतच गेले, प्रश्न मात्र त्या नऊवर थांबले नाहीत. पुरवणीचा पेपर नवा असतो, जुनाच पाठ करून गेलेली मुले फसतात.

एलपीपी तिने का सोडले होते ते विचारले तर म्हणाली, "ग्राफ पेपर मागायला लाज वाटली." पेपरावरच लिहिलेले असते की ग्राफ पेपरची गरज नाही, कच्ची आकृती चालेल. पुन्हा तेच पहिले पान. रेषा काढायच्या, शक्य प्रदेश छायांकित करायचा, कोपऱ्यांचे बिंदू काढायचे, प्रत्येकाशी z ची किंमत. शेवटी चुकले तरी आधीच्या पायऱ्यांना मार्क मिळतात.

मग ध्येयाचा आकडा ठरवला. प्रात्यक्षिकाचे १२ तसेच धरले तर लेखीला २३ हवेत. अकरा हातात आहेत असे धरणेही धोक्याचे, कारण नव्या पेपरात तेच प्रश्न येणार नाहीत. म्हणून आम्ही ३० धरले. पर्यायी प्रश्नांतून दहा-बारा, दोन मार्कांच्या विभागातून आठ-नऊ, लॉजिक-मॅट्रिसेसच्या तीन मार्कांच्या प्रश्नांतून सहा, एलपीपीचे तीन-चार. इंटिग्रेशनचे मोठे गणित या यादीत नव्हते. ते करू नकोस असे मी सांगितले, तेव्हा तिला ते पटले नाही. वर्षभर सगळ्यांनी तिला इंटिग्रेशन महत्त्वाचे म्हणून सांगितले होते, मीही सांगतो. पण त्या महिन्यापुरते ते तिच्यासाठी महत्त्वाचे नव्हते.

घड्याळ लावून तीन पेपर सोडवले. पहिल्या पेपरात तिने एका पर्यायी प्रश्नापुढे परत नुसते अक्षर लिहिले. तिसऱ्यात नाही.

लेखीला ३१ आले, एकूण ४३. या वेळची छायाप्रत कोणी मागवली नाही, त्यामुळे ते वीस वाढीव मार्क नेमके कुठून आले हे मला माहीत नाही. पेपर झाला त्या संध्याकाळी तिने फोन केला होता तेवढेच. रेषांच्या जोडीचा प्रश्न आला होता आणि कोन साठच आला, असे ती म्हणाली. इंटिग्रेशनचा चार मार्कांचा तिने वाचून सोडून दिला होता.