उच्छ्वासात उरलेला ऑक्सिजन

माझी भाची बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे प्रथमोपचाराचं शिबिर झालं. बुडालेल्या माणसाला पाण्याबाहेर काढल्यावर छाती कशी दाबायची आणि तोंडाने श्वास कसा द्यायचा, हे रबरी पुतळ्यावर शिकवलं गेलं. घरी आली ती अस्वस्थ होऊनच. तिची शाळेपासूनची मैत्रीण फिजिओथेरपी शिकते. ती रविवारी आल्याबरोबर भाचीने विषय काढला.

"अगं, आपण सोडतो तो कार्बन डायऑक्साइड ना? मग गुदमरलेल्या माणसाच्या तोंडात तोच फुंकायचा? म्हणजे तो उलट लवकर मरणार."

"सोडतो त्यात कार्बन डायऑक्साइड असतो," मैत्रीण म्हणाली. "पण किती असतो असं तुला वाटतं?"

"बहुतेक सगळा. थोडाफार ऑक्सिजन उरत असेल."

मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. मलाही इतकी वर्षं काहीसं असंच वाटत होतं. प्राथमिक शाळेच्या पुस्तकातलं चित्र डोळ्यांसमोर आलं: नाकात शिरणारा एक बाण, त्यावर ऑक्सिजन, बाहेर पडणारा दुसरा बाण, त्यावर कार्बन डायऑक्साइड. 'ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो' हे वाक्य चुकीचं नाही. पण ते फक्त काय बदललं एवढंच सांगतं, आणि मुलं त्याचा अर्थ 'आत शुद्ध ऑक्सिजन, बाहेर शुद्ध कार्बन डायऑक्साइड' असा लावतात.

मैत्रिणीने वहीचं कोरं पान पुढे ओढलं. "एका श्वासाचा जमाखर्च मांडू. हिशेब तुझाच प्रांत आहे. शांत बसलेला मोठा माणूस एका श्वासात साधारण 500 मिलिलीटर हवा घेतो. हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो. किती झाला?"

"390 मिलिलीटर."

"तो शरीराला वापरता येत नाही, म्हणून जेवढा आला तेवढाच परत जातो. ऑक्सिजन जवळपास 21 टक्के, म्हणजे 105 मिलिलीटर. त्यातला साधारण 25 रक्तात जातो. उरले 80. कार्बन डायऑक्साइड आत येताना 0.04 टक्के होता, म्हणजे 0.2 मिलिलीटर. बाहेर जाताना तो 20 होतो. राहिलेला थोडा आर्गॉन आला तसा जातो."

भाचीने टक्केवारी काढली. बाहेर पडणाऱ्या हवेत ऑक्सिजन सुमारे 16 टक्के आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे 4. ती बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिली. "म्हणजे सोडलेल्या हवेत ऑक्सिजन चौपट आहे?"

"हो. आणि सगळ्यात जास्त नायट्रोजनच. हा हिशेब कोरड्या हवेचा आहे. फुप्फुसातून येणारी हवा शरीराच्या तापमानाला वाफेने भरलेली असते, त्यात पाण्याची वाफच सहा टक्क्यांच्या आसपास असते. चष्म्याच्या काचेवर फुंकलं की धुकं धरतं ना, तीच. कार्बन डायऑक्साइडपेक्षा ती जास्त आहे."

मग भाचीने मला महत्त्वाची वाटलेली शंका काढली. "पण शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकलं की ती दुधाळ व्हायची. तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, हा बघा कार्बन डायऑक्साइड."

गैरसमज घट्ट बसतो तो इथेच. आईच्या पानाच्या डब्यात चुना होता. त्यातला चमचाभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला आणि सकाळी वरचं स्वच्छ पाणी दोन पेल्यांत ओतून घेतलं. मैत्रीण आदल्या रात्री आमच्याकडेच राहिली होती. चुना दाहक असतो, त्यामुळे ही निवळी तोंडात किंवा डोळ्यांत जाता कामा नये. पहिल्या पेल्यात भाचीने स्ट्रॉने हळूच श्वास सोडला. दोन-तीन श्वासांत पाणी पांढरट झालं. दुसऱ्या पेल्यात मैत्रिणीने सायकलच्या पंपाने खोलीतलीच हवा सोडली. पंधरा-वीस झटक्यांनंतरही ते जवळजवळ स्वच्छच होतं.

"आता नीट बघ," ती म्हणाली. "निवळी फार हळवी आहे. पाव पेला निवळी गढूळ व्हायला काही मिलिलीटर कार्बन डायऑक्साइड पुरे, आणि तुझ्या एका श्वासात 20 आहे. पेला दुधाळ झाला यावरून तो वायू आहे एवढं कळतं, तो बहुतांश आहे हे कळत नाही. दोन पेले शेजारी ठेवले की मात्र खरी गोष्ट दिसते. तुझ्या श्वासात तो बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे शंभरपट आहे. शंभरपट झाला तरी 4 टक्केच, कारण मुळात नगण्य होता."

शाळेत हा दुसरा पेला क्वचितच ठेवला जातो, आणि मला तो ठेवायलाच हवा असं वाटतं. एकच पेला मुलाला चूक निष्कर्षाकडे नेतो.

भाचीचा मूळ प्रश्न अजून शिल्लक होता. "16 टक्के ऑक्सिजन त्या माणसाला पुरतो?"

"थोड्या वेळासाठी पुरतो. त्याच्या फुप्फुसात हवाच खेळत नाहीये, त्यापुढे हे बरंच आहे. आणखी एक गोष्ट आहे. तू घेतलेल्या 500 मिलिलीटरपैकी सुमारे 150 वायुकोशांपर्यंत पोहोचतच नाहीत. ते नाक, घसा आणि श्वासनळ्यांत अडकतात, तिथे वायूंची देवघेव होत नाही. याला डेड स्पेस म्हणतात. श्वास सोडताना तीच हवा आधी बाहेर येते, जवळजवळ ताजी. मागून येते ती खोल वायुकोशांतली, तिच्यात कार्बन डायऑक्साइड साडेपाच टक्क्यांच्या घरात असतो. दोन्ही मिसळून सरासरी 4 होते."

भाचीने लगेच पडताळून पाहिलं: 350 मिलिलीटरचे 5.6 टक्के, 19.6. ती हसली. जमाखर्च जुळला होता.

"मग छाती कशाला दाबायची? नुसता श्वास दिला तर?"

"हृदय थांबलं असेल तर तो ऑक्सिजन मेंदूपर्यंत नेणार कोण? म्हणून मोठ्या माणसाला 30 वेळा छाती दाबायची, मग दोन श्वास, प्रत्येकी सुमारे एक सेकंद, छाती वर उचललेली दिसेल एवढाच. जोरात फुंकलं तर हवा पोटात जाते आणि उलटी होऊ शकते. बुडालेल्या माणसात मूळ अडचण ऑक्सिजनचीच असते, म्हणून तिथे श्वास विशेष महत्त्वाचे."

"आणि तोच श्वास पुन्हा पुन्हा घेतला तर?"

"तेव्हा मात्र चित्र बदलतं. बंद पिशवीत श्वास घेत राहिलं की कार्बन डायऑक्साइड साठत जातो. श्वास घेण्याची ओढ प्रामुख्याने तोच निर्माण करतो, ऑक्सिजनची कमतरता नाही. श्वास रोखल्यावर जी तडफड होते ती बहुतेक त्याच्यामुळे. म्हणून पोहण्याआधी मुद्दाम भराभर श्वास घेणं धोक्याचं. कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओढ उशिरा येते, आणि तेवढ्यात ऑक्सिजन संपून पाण्याखाली शुद्ध जाते. पिशवी तू करून बघू नकोस."

भाची आपल्या पेल्यात फुंकत राहिली होती. बऱ्याच वेळाने दुधाळपणा ओसरू लागला आणि पाणी पुन्हा स्वच्छ झालं. "हे काय? गेला कुठे?"

"जास्त वायू मिळाला की तो पांढरा चुनखडीचा गाळ विरघळतो, बायकार्बोनेट होऊन. तापव, परत दिसेल."

भाचीने ते पाणी जुन्या पातेल्यात ओतलं आणि गॅस पेटवला.