सहाशे चाळीस मेल, बिघाड दोन

समजा, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी एका ऑनलाइन दुकानाचा डेटाबेस नव्या जोडण्या नाकारू लागला. पोस्टग्रेस हा डेटाबेस, सेटिंग बदलले नाही तर, एका वेळी 100 जोडण्या सांभाळतो. आकडा वाढवता येतो, पण कुठेतरी तो संपतोच. संपला की पुढच्या प्रत्येकाला एकच उत्तर मिळते: `FATAL: sorry, too many clients already`.

या दुकानाची वेबसाइट जँगोवर चालते असे धरू. जँगोत एक जुनी सोय आहे. पान दाखवताना प्रोग्राम कोसळला की `ADMINS` या यादीतल्या प्रत्येकाला त्या चुकीचा सविस्तर मेल जातो. आठवड्यातून दोन-चार चुका होत असतील तोवर ही सोय फार चांगली. आता मात्र ग्राहकाच्या जवळजवळ प्रत्येक क्लिकमागे एक मेल निघतो आहे. वीस मिनिटांत 640 मेल साचतात. त्या रात्री ड्यूटीवर असलेली इंजिनिअर पहिले पाच-सहा उघडते, सगळे डेटाबेसचेच दिसतात, आणि उरलेले न वाचता ती कामाला लागते. तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. तिच्या जागी कोणीही हेच केले असते. पण त्या ढिगात 14 मेल वेगळ्याच बिघाडाचे आहेत. ग्राहकाचे पैसे परत करणाऱ्या कोडमध्ये `KeyError: 'refund_id'` अशी चूक येते आहे, आणि डेटाबेस सावरल्यावरही ती थांबणार नाही.

म्हणजे मेलचे वादळ झोपमोड करते, आणि त्याहून वाईट म्हणजे दुसरी बातमी गाडून टाकते. एकसारखे मेल एकत्र करून त्यांची एकच नोंद करायची आणि तिच्यापुढे आकडा मांडायचा, हा उपाय त्यासाठी आहे. अवघड प्रश्न एवढाच, की ‘एकसारखे’ कशाला म्हणायचे?

विषयाची ओळ पाहून ठरवता येत नाही. जँगो त्या ओळीत पानाचा पत्ता घालतो, आणि पत्त्यात ऑर्डरचा क्रमांक असतो:

```
Internal Server Error: /orders/48213/
Internal Server Error: /orders/48377/
```

बिघाड एकच, पण विषय दोन. जीमेलसुद्धा यांना एका संभाषणात गुंफत नाही. विषय सारखा असता तरी 100 मेलनंतर त्याने नवे संभाषण सुरू केलेच असते. म्हणून मेलच्या पोटात शिरावे लागते. तिथे चुकीचा प्रकार असतो, तिचा संदेश असतो, आणि प्रोग्राम कोणकोणत्या फंक्शनमधून जात कोसळला त्याची माग दाखवणारी यादी असते. यातले दर वेळी बदलणारे तपशील आधी पुसायचे: ऑर्डर क्रमांक, वेळ, ग्राहकाचा मेल पत्ता, मेमरीतले पत्ते. ओळींचे क्रमांकही पुसलेले बरे, कारण कोडची नवी आवृत्ती चढवली की ते सरकतात आणि जुनाच बिघाड नवा वाटू लागतो. जे उरते त्याचा एक छोटा सांकेतिक ठसा काढायचा. या कामातले लोक त्याला फिंगरप्रिंट म्हणतात. ठसा जुळला की आकडा एकाने वाढवायचा, नाही जुळला तर नवी नोंद उघडायची.

पुसतानाही तारतम्य लागते. ‘सगळे अंक पुसा’ असा नियम सोपा दिसतो, पण मग `404` आणि `502` एकच होतात. पहिल्याचा अर्थ पान सापडले नाही, दुसऱ्याचा अर्थ मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर आले नाही. हा अंक म्हणजेच बातमी आहे.

आता आपले 640 मेल या चाळणीतून काढू. ठशात चुकीचा प्रकार आणि आपल्या कोडमधले कोसळलेले फंक्शन घेतले, तर पैसे परतीचे 14 मेल नीट बाजूला पडतात. पण डेटाबेसचे 626 मेल फुटतात. कार्ट, ऑर्डर, शोध, लॉगिन अशा प्रत्येक ठिकाणाहून डेटाबेसचे दार ठोठावले जाते, त्यामुळे एकाच बिघाडाच्या नऊ-दहा नोंदी होतात. उलट ठशात फक्त प्रकार आणि संदेश घेतला, तर डेटाबेसचे सगळे मेल एका नोंदीत येतात. मात्र हाच नियम इतरत्र लावला, तर `KeyError: 'id'` देणाऱ्या चार वेगळ्या चुका एकमेकींत मिसळतात. म्हणून माझ्या मते एकच नियम सगळ्यांना लावू नये. जोडणी तुटणे, वेळेत उत्तर न येणे अशा बाहेरून येणाऱ्या चुकांना संदेशावरून ओळखावे, आणि आपल्याच कोडमधल्या चुकांना फंक्शनवरून. सेंट्रीसारखी साधने मुळात कोसळण्याच्या मागावरून गट पाडतात, आणि हवे तिथे ठसा कसा काढायचा हे आपल्याला ठरवू देतात, ते याचसाठी.

गट चुकतो आहे हे कळते कसे? एका नोंदीतले पहिले, शेवटचे आणि मधले काही मेल पूर्ण जपून ठेवावेत. ते शेजारी शेजारी ठेवले आणि माग वेगळा निघाला, तर चाळणीची भोके फार मोठी आहेत. एकाच मिनिटात दहा नव्या नोंदी उघडल्या आणि सगळ्या एकदमच थांबल्या, तर ती फार बारीक आहेत. दोन्हींत मला पहिली चूक जास्त धोक्याची वाटते. जास्तीच्या नोंदी डोळ्यांना दिसतात, गिळली गेलेली नोंद दिसत नाही.

मोजणीतही एक फट असते. मेल पोहोचवणारी यंत्रणा तोच मेल कधी कधी दोनदा देते. प्रत्येक मेलच्या `Message-ID` या ओळखखुणेवरून तो आधी मोजला आहे का हे पाहावे, नाहीतर आकडा फुगतो. आणि हे सगळे मेल पोहोचल्यावरचे काम आहे, ही त्याची मर्यादा. जँगो तो मेल पानाची विनंती हाताळतानाच पाठवतो, त्यामुळे आधीच दमलेल्या सर्व्हरवर मेल पाठवण्याचा भार पडतोच. तो टाळायचा तर पाठवण्याच्या टोकालाच आवर घालावा लागतो.

मग राहतो काळाचा प्रश्न. नोंद केव्हा बंद झाली म्हणायची? तासागणिक कप्पे केले, तर 2:50 ते 3:10 चे एक वादळ दोन घटना बनते. त्यापेक्षा ‘शेवटच्या मेलनंतर अर्धा तास शांतता’ हा नियम बरा. पण दर वीस मिनिटांनी येणारी चूक मग कधीच बंद होत नाही, आणि पहिल्या मेलनंतर तिची कोणाला आठवणही करून दिली जात नाही. प्रोमिथियसच्या अलर्टमॅनेजरमध्ये यासाठी `repeat_interval` आहे. बिघाड चालूच असेल तर तो, सेटिंग न बदलल्यास, दर चार तासांनी पुन्हा कळवतो. आकडा 10, 100, 1000 ओलांडेल तेव्हा कळवणे हाही चांगला मार्ग आहे, कारण त्यातून बिघाड पसरतो आहे की रेंगाळतो आहे ते समजते.

आपल्या इंजिनिअरला या व्यवस्थेत 640 ऐवजी दोन ओळी दिसल्या असत्या: डेटाबेस, 626 वेळा, पैसे परती, 14 वेळा. सकाळी ती दुसरी चूक दुरुस्त करते आणि नोंदीवर ‘सुटले’ अशी खूण करते. त्यानंतर तोच ठसा पुन्हा आला, तर तो जुन्या आकड्यात गुपचूप मिळवायचा नाही. ती नोंद पुन्हा उघडायची आणि तिला लगेच कळवायचे, मेल एकच का असेना.